विखुरलेली टिपणे आणि तीस पानांचा अहवाल

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला सेमिनारचा जो अहवाल लिहावा लागतो, त्याचे स्वरूप प्रकल्पाच्या अहवालाहून वेगळे असते. प्रकल्पात त्याने स्वतः काही बांधलेले, मोजलेले किंवा तपासलेले असते. सेमिनारमध्ये मात्र इतरांनी केलेले काम वाचून, एका विषयापुरते ते एकत्र आणून, समजेल अशा क्रमाने मांडावयाचे असते. म्हणजे माहिती मिळविणे हे निम्मेच काम झाले. तिची मांडणी हे उरलेले निम्मे, आणि बहुतेक अहवाल याच निम्म्यात फसतात. पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण, चारपाच शोधनिबंध, एखादे भारतीय मानक, वर्तमानपत्रांतील लेख आणि वर्गातील टिपणे एवढा ढीग टेबलावर जमतो. मग ज्या क्रमाने कागद हाती आले त्याच क्रमाने ते अहवालात उतरतात. एक प्रकरण बारा पानांचे होते, दुसरे दीड पानाचे. परीक्षक अनुक्रमणिका पाहतात आणि पहिला प्रश्न नेमका त्या दीड पानावर विचारतात.

ही विषमता कोठून येते व ती कशी दूर करावी, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने ‘कोयना धरण आणि १९६७ चा भूकंप’ हा विषय घेतला आहे. अहवाल तीस पानांचा हवा, अशी महाविद्यालयाची अट आहे.

विषयाची मूळ हकीकत थोडक्यात अशी. सातारा जिल्ह्यातील कोयना नदीवरचे हे धरण सुमारे १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरांहून थोडे अधिक लांब आहे. १९६२ च्या सुमारास त्याच्या जलाशयात पाणी साठू लागले, आणि त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, अशी त्या काळी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मोठा धक्का बसला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, धरणाच्या उंच खंडांना आडवे तडे गेले. परंतु धरण कोसळले नाही. पुढे त्याची डागडुजी व मजबुती करण्यात आली. या घटनेवर जगभर विपुल लेखन झाले आहे आणि विद्यार्थ्याची अडचण तेथूनच सुरू होते.

प्रथम प्रश्न, मग प्रकरणे

‘कोयना धरण आणि भूकंप’ हे विषयाचे नाव झाले. तो प्रश्न नव्हे. नावावरून प्रकरणे पाडता येत नाहीत, कारण नावाला अंत नसतो. धरणाचा इतिहास, वीजनिर्मिती, भूकंपशास्त्र, पुनर्वसन, मानके हे सारे त्या नावाखाली बसते. म्हणून पहिले काम म्हणजे संपूर्ण अहवालाने ज्याचे उत्तर द्यावयाचे आहे असा एकच प्रश्न एका वाक्यात लिहिणे. आपल्या विद्यार्थिनीने तो असा लिहिला: ‘कोयनेचे धरण १९६७ च्या भूकंपात ज्या ठिकाणी तडकले त्याच ठिकाणी का तडकले, आणि ते कसे सावरण्यात आले?’

या एका वाक्याने बरेच काही ठरून जाते. प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी वाचकाला चार गोष्टी कळल्या पाहिजेत: धरण कसे रचले होते, भूकंपात जमीन किती हादरली, तडे कोठे व का पडले, आणि मजबुती कशी केली. हीच मधली चार प्रकरणे. त्यांच्या आधी एक प्रास्ताविक आणि शेवटी एक निष्कर्ष, अशी एकूण सहा. ही प्रकरणे संदर्भग्रंथांतून निघाली नाहीत, प्रश्नातून निघाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

एक मुद्दा, एक चिठ्ठी

आता ढिगाकडे वळावे. प्रत्येक लेख वाचताना त्यातला एकेक मुद्दा एकेका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरवावा. वहीत सलग टिपणे काढू नयेत, कारण वहीतील टिपणे लेखाच्या क्रमाला बांधलेली राहतात आणि पुढे हलविता येत नाहीत. चिठ्ठी कागदाची असो वा संगणकातील तक्त्याची ओळ असो, तिच्यावर तीन गोष्टी हव्यात: मुद्दा स्वतःच्या शब्दांत, तो कोणत्या लेखाच्या कोणत्या पानावरचा आहे, आणि तो कोणत्या प्रकरणात जाईल त्या प्रकरणाचा आकडा. मूळचे वाक्य जसेच्या तसे घेतले असेल तर त्याला अवतरणचिन्हे तेथेच घालावीत. महिन्याभराने ते वाक्य आपले की दुसऱ्याचे, हे कोणालाच आठवत नाही.

स्वतंत्र चिठ्ठ्यांचा आणखी एक लाभ आहे. भिन्न लेखांतील विसंगती त्यांच्यामुळे चटकन नजरेस येते. या भूकंपाची तीव्रता काही लेखांत ६.३ दिलेली आढळते, तर काहींत ६.५. मृतांची संख्या कोठे सुमारे १८०, तर कोठे सुमारे २०० दिलेली असते. चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की हा फरक दिसतो. अशा वेळी दोन्ही आकडे त्यांच्या आधारांसह एकदाच नोंदवावेत, आपण पुढे कोणता वापरणार हे सांगावे आणि तोच शेवटपर्यंत वापरावा. तसे न केल्यास दुसऱ्या प्रकरणात एक आकडा आणि चौथ्यात दुसरा, असे घडते, आणि हा अहवाल जोडून-चिकटवून तयार केला आहे हे परीक्षकांना कळण्यास तेवढे पुरते.

ढिगाचे वजन आणि पानांचा हिशेब

सर्व वाचन संपल्यावर समजा ऐंशी चिठ्ठ्या जमल्या. त्या प्रकरणांप्रमाणे वेगळ्या करून मोजल्या, तेव्हा असे दिसले की, जलाशयातील पाण्यामुळे भूकंप झाला काय, या वादावर ३४ चिठ्ठ्या आहेत. प्रत्यक्ष भूकंप व हानी यांवर १६. धरणाच्या रचनेवर १२. तडे व त्यांची कारणे यांवर फक्त ९. मजबुतीवर तर अवघ्या ५. आणि उरलेल्या ४ किरकोळ.

एका चिठ्ठीवरील मुद्दा नीट विस्ताराने लिहिला तर साधारण शंभर शब्द होतात. दीडपट ओळ-अंतराच्या टंकलिखित पानावर सुमारे तीनशे शब्द मावतात. म्हणजे एका पानाला तीन चिठ्ठ्या असा ढोबळ हिशेब धरता येतो. या हिशेबाने ढीग जसाच्या तसा लिहून काढला, तर जलाशयाच्या वादाला अकरा पानांहून अधिक जागा जाईल, आणि ज्या तड्यांविषयी प्रश्न विचारला आहे त्यांना तीनच पाने मिळतील. मजबुतीला दोन पानेही मिळणार नाहीत.

प्रकरणांची लांबी बिघडते ती येथे. ढिगातील कागदांचे प्रमाण हे जगाने कशावर किती लिहिले याचे प्रमाण असते. आपल्या प्रश्नाला कशाची किती गरज आहे, याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. जलाशय आणि भूकंप यांचा संबंध हा भूकंपशास्त्रज्ञांच्या दृष्टीने मोठा विषय आहे. त्यामुळे त्यावर लेखन अधिक, ते सहज हाती येते आणि न कळत अहवालाचा कबजा घेते.

म्हणून लिहावयास बसण्यापूर्वी पानांची वाटणी ठरवून कागदावर मांडावी. आपल्या विद्यार्थिनीने ती अशी केली: प्रास्ताविक ३ पाने, धरण व त्याची रचना ६, भूकंप व त्याची नोंद ६, तडे व त्यांची कारणे ७, मजबुती ५, निष्कर्ष ३, एकूण ३०. येथे समतोल म्हणजे समान लांबी नव्हे. प्रास्ताविक व निष्कर्ष आखूडच शोभतात. मधली प्रकरणे एकमेकांच्या जवळपास असावीत आणि त्यांत सर्वांत मोठे प्रकरण मूळ प्रश्नाचे असावे, एवढाच त्याचा अर्थ.

जाड प्रकरण कसे उतरवावे

भूकंपाच्या प्रकरणाला सहा पाने, म्हणजे अठरा चिठ्ठ्या एवढीच जागा आहे. हाती मात्र ३४ आणि १६ मिळून ५० आहेत. सरसकट काटछाट करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. प्रथम एकच गोष्ट सांगणाऱ्या चिठ्ठ्या एकत्र बांधाव्यात. पाणी साठू लागल्यावर धक्के सुरू झाले, हे विधान निरनिराळ्या लेखांच्या प्रस्तावनेत पुनःपुन्हा येते. त्याच्या दहा चिठ्ठ्या असल्या तरी अहवालात त्याचे वाक्य एकच होणार. फार तर त्यापुढे दोन-तीन आधार द्यावेत. मग उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीला विचारावे: ‘ही काढून टाकली तर तड्यांविषयीच्या उत्तरात काही उणे पडेल काय?’ जलाशयाच्या तळाखालील खडकांत पाण्याचा दाब कसा पोचतो, याचे तपशील कितीही मनोवेधक असले, तरी धरण कोठे तडकले हे त्यांवरून कळत नाही. ते एका परिच्छेदात आटोपावेत. असे करता वादाच्या चिठ्ठ्या आठ आणि भूकंपाच्या दहा उरतात, आणि सहा पानांत सुखाने बसतात.

गाळलेल्या चिठ्ठ्या फेकू मात्र नयेत. त्या एका वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात. पुढील काळात कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकांचा अभ्यास केला, ही माहिती अशा किरकोळ चिठ्ठ्यांपैकी एक आहे. मधल्या प्रकरणांत तिला जागा नाही. पण निष्कर्षात, पुढे काय शोधले जात आहे हे सांगताना, ती दोन वाक्यांत योग्य ठिकाणी बसते.

बारीक प्रकरण कसे भरावे

याहून अवघड काम बारीक प्रकरणाचे. तड्यांच्या प्रकरणाला सात पाने नेमली आणि चिठ्ठ्या नऊच आहेत. अशा वेळी विद्यार्थी काय करतो, ते ओळखणे कठीण नाही. तो ‘काँक्रीट म्हणजे काय’ यापासून आरंभ करतो, पाठ्यपुस्तकातील व्याख्या घालतो, आकृती पानभर मोठी करतो. ज्या वाक्याला कोयनेचे नाव काढून दुसऱ्या कोणत्याही धरणाचे नाव लावता येते, ते वाक्य भरतीचे समजावे.

बारीक प्रकरण हे खरे म्हणजे वाचन अपुरे असल्याची खूण होय. ते भरण्यासाठी पुन्हा वाचनाकडेच गेले पाहिजे. मात्र या वेळी ढीग गोळा करण्यासाठी न जाता नेमके प्रश्न घेऊन जावे. रचनेच्या वेळी भूकंपाचा जोर किती गृहीत धरला होता? प्रत्यक्षात किती मोजला गेला? तडे कोणत्या उंचीवर आहेत, आणि तेथे धरणाच्या आकारात काय विशेष आहे?

या तीन प्रश्नांची उत्तरे कोयनेच्या बाबतीत उपलब्ध आहेत, आणि ती एकमेकांशेजारी ठेवली की प्रकरण आपोआप उभे राहते. धरणाच्या वजनाच्या ०.०५ पट आडवे बल येईल, असे धरून रचना केली होती. धरणातच बसविलेल्या त्वरणलेखक यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्व-त्वरणाच्या ०.६३ पट आणि प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट एवढे कमाल त्वरण नोंदविले. दुसरा आकडा गृहीत धरलेल्या आकड्याच्या जवळजवळ दसपट आहे. पण हे दोन आकडे सरळ भागून थांबणे योग्य नाही, हेही प्रकरणात सांगितले पाहिजे. पहिला आकडा धरणावर सतत लावलेल्या स्थिर बलाचा आहे, तर दुसरा क्षणभर आलेल्या कमाल हादऱ्याचा. शिवाय धरण तळापासून माथ्यापर्यंत एकसारखे हलत नाही. ते झुलते आणि माथ्याकडे हा हादरा वाढत जातो. जुन्या पद्धतीच्या हिशेबात नेमके हेच झुलणे धरलेले नव्हते.

आता आकार पाहावा. कोयनेच्या उंच खंडांचा खालच्या प्रवाहाकडील उतार पायापासून सुमारे साडेसहासष्ट मीटरांवर एकाएकी बदलतो. त्याच्या खाली धरण झपाट्याने रुंदावते, वर ते अरुंद मानेसारखे आहे. झुलणाऱ्या वस्तूची मान जेथे एकाएकी बारीक होते, तेथे ताण एकवटतो. आणि काँक्रीट दाब सोसण्यात बळकट असले तरी ताण सोसण्यात दुबळे असते. आडवे तडे मुख्यतः याच पातळीच्या आसपास आढळले. एवढे सांगण्यासाठी धरणाच्या छेदाची एक आकृती, तड्यांच्या जागांची दुसरी आकृती आणि दोन पद्धतींच्या हिशेबांची तुलना हवी. त्यांना मिळून दोन पाने लागतात. उरलेल्या पाच पानांसाठी पंधरा चिठ्ठ्या लागतील. नऊ होत्या, सहा नव्या मिळवाव्या लागल्या. सात पाने भरतीवाचून भरली.

मजबुतीच्या प्रकरणासही हीच रीत. तडे इपॉक्सी राळेने भरले, उंच खंड पूर्वताणित तारांच्या दोरांनी वरून खाली आवळले आणि पुढे खालच्या बाजूस काँक्रीटच्या आधारभिंती बांधल्या, या तीन उपायांची केवळ यादी दिली तर अर्धे पान होते. प्रत्येक उपाय मागील प्रकरणातील कोणत्या दोषावर होता, हे सांगितले की त्याच तीन उपायांची पाच पाने होतात.

प्रकरणांमधील सांधा

पाने जुळली म्हणजे प्रकरणे जुळली असे नाही. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक प्रकरणाचे सार एकेका वाक्यात लिहावे आणि ती वाक्ये ‘परंतु’ किंवा ‘म्हणून’ या शब्दांनी जोडता येतात काय ते पाहावे. येथे ती अशी जुळतात: धरण भूकंपाचे अल्प बल गृहीत धरून रचले होते, परंतु १९६७ च्या धक्क्यात जमीन त्याहून पुष्कळ अधिक हादरली, म्हणून, जेथे आकार एकाएकी बदलतो तेथे ते तडकले, म्हणून, त्याच भागाला बाहेरून आधार देण्यात आला. दोन प्रकरणांमध्ये ‘आणि’ शिवाय दुसरा शब्द बसत नसेल, तर त्यांचा क्रम उलटला तरी काही बिघडणार नाही. म्हणजे तेथे सांधा नाही. मग प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद या सार-वाक्यावर संपवावा आणि पुढल्याचा पहिला तेथूनच उचलावा.

लिहिण्याचा क्रम मात्र छापण्याच्या क्रमासारखा असू नये. ज्या प्रकरणावर अहवालाचा भार आहे, ते आधी लिहावे. येथे ते तड्यांचे. त्यामुळे आधीच्या प्रकरणांत नेमके काय सांगावे लागणार, हे कळते. उताराचा बदल चौथ्या प्रकरणात महत्त्वाचा ठरला, म्हणून धरणाच्या छेदाची मापे दुसऱ्या प्रकरणात यावयास हवीत. वीजगृहाच्या वर्णनाला मात्र तेथे जागा लागत नाही. प्रास्ताविक सर्वांत शेवटी लिहावे. प्रत्येक प्रकरण लिहून झाले की पाने मोजावीत. नेमलेल्या संख्येहून एक पान अधिक-उणे झाले तर चिंता नाही. दोनांहून अधिक फरक पडला, तर शब्द खेचण्याआधी त्या प्रकरणात दोन निराळे प्रश्न शिरले आहेत काय, किंवा त्याचा प्रश्नच अर्धवट सुटला आहे काय, हे तपासावे.

या रीतीला मर्यादाही आहेत. काही महाविद्यालयांत ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ असे स्वतंत्र प्रकरण सक्तीचे असते. तसे असल्यास जलाशयाचा वाद तेथे जाईल. पण त्या प्रकरणालाही पानांची मर्यादा आधीच नेमून द्यावी. पानाला तीन चिठ्ठ्या हे प्रमाण वर्णनात्मक विषयापुरतेच आहे. ज्या विषयात सूत्रे व कोष्टके अधिक, त्यात पानाला एखादीच चिठ्ठी पुरते. तेथे आधी दोन पाने लिहून पाहावीत व आपले प्रमाण आपण ठरवावे.

शेवटचे वाचन घरातील, पण विषयाशी संबंध नसलेल्या माणसासमोर मोठ्याने करावे. आपली विद्यार्थिनी अहवाल आईला वाचून दाखविते आहे असे समजा. चौथे प्रकरण संपल्यावर आई साहजिकच विचारील, “अगं, एवढे आडवे तडे गेले, तर मग धरण फुटले कसे नाही? खालच्या गावांचे काय झाले असते?” हा प्रश्न कोणत्याच चिठ्ठीवर नव्हता, कारण शोधनिबंध लिहिणाऱ्यांना तो लिहिण्याची गरज भासली नाही. पण अहवाल ऐकणाऱ्याच्या मनात तो उठतो. काही ठिकाणी पाझर दिसला, तथापि तडकलेला वरचा भाग आपल्या जागी टिकून राहिला आणि जलाशयातील पाणी खाली लोटले नाही, हे चौथ्या प्रकरणाच्या अखेरीस सांगितले, की मजबुती एवढ्या तातडीने का करावी लागली, हे पाचव्या प्रकरणाच्या आरंभी निराळे सांगावे लागत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकही बहुधा हाच प्रश्न विचारतील, आणि त्याचे उत्तर कोणत्या पानावर आहे, हे तिला तोवर ठाऊक झालेले असेल.